रक्त सुधारले, पाय सुन्न झाले: बी-१२ च्या कमतरतेतील मोठ्या तांबड्या पेशींचे एक प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहणाऱ्या, मजुरीने शेतात जाणाऱ्या ४३ वर्षांच्या बाई एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या बाह्यरुग्ण विभागात आल्या. मोटारसायकलवरून उतरताना मुलाने त्यांना खांद्याला धरून उतरवले आणि दारापर्यंत त्या भिंतीचा आधार घेत चालल्या. काय होते असे विचारल्यावर थकवा, धाप किंवा चक्कर यांपैकी काहीही त्यांनी आधी सांगितले नाही. त्या म्हणाल्या, "साहेब, माह्या पायातली चप्पल कवा निंगून जाते, मले समजतच नाही." पहाटे अंधारात न्हाणीकडे जाताना तोल जातो आणि तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की पडल्यासारखे होते, हे पुढे मुलाने सांगितले.

त्यांच्याजवळ प्लास्टिकच्या पिशवीत रक्ततपासणीचे दोन जुने कागद आणि बारीक पिवळ्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी होती. पहिला कागद नोव्हेंबरचा, दुसरा जानेवारीचा. आम्ही त्या दिवशी काढलेला तिसरा कागद त्यांच्याशेजारी ठेवला, तेव्हा गेल्या सहा महिन्यांत त्यांच्या अस्थिमज्जेत काय घडले असेल याचा क्रम बऱ्याच अंशी उलगडला. या आजारात पेशी मोठी का होते हे एकदा नीट कळले, तर ते तिन्ही कागद आणि ती निसटणारी चप्पल यांचा एकमेकांशी असलेला संबंधही कळतो. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडत आहे.

नोव्हेंबरात कापूस वेचणीच्या दिवसांत त्यांना धाप लागू लागली. डोळे पिवळसर दिसत होते, म्हणून घरच्यांनी कावीळ समजून आठवडाभर पथ्य पाळले. नंतर एका ठिकाणी रक्त तपासले. हिमोग्लोबिन ५.६ ग्रॅम निघाले. रक्त चढवण्याचा सल्ला मिळाला, पण तालुक्याला जाऊन राहणे जमले नाही. रक्तक्षय म्हणून लोहाच्या गोळ्या आणि ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिडची रोज एक पिवळी गोळी सुरू झाली. लोहाच्या गोळीने पोटात जळजळ होते म्हणून ती पंधरा दिवसांत बंद पडली आणि तिच्या जागी ॲसिडिटीची गोळी आली. पिवळी गोळी मात्र त्रास देत नव्हती, त्यामुळे ती नियमाने चालू राहिली. जानेवारीत हिमोग्लोबिन ८.९ झाले. धाप कमी झाली, बाई पुन्हा कामावर गेल्या आणि औषध लागू पडले असे सर्वांनाच वाटले. पायांना मुंग्या येणे त्याच महिन्यात सुरू झाले होते, परंतु रक्त वाढत असताना त्याचा संबंध कोणी रक्ताशी जोडला नाही.

एप्रिलमध्ये आम्ही तपासले तेव्हा त्वचेवर फिकटपणा आणि पिवळेपणा एकत्र मिसळल्यासारखा रंग होता. पिकलेल्या लिंबाच्या सालीची फिकट छटा म्हणतात तशी. जीभ गुळगुळीत आणि लाल होती, तिच्यावरचे खरखरीत बारीक उंचवटे कडेने नाहीसे झाले होते, आणि तिखट ठेचा महिनाभरापासून सोसत नाही असे त्यांनी विचारल्यावर सांगितले. हातांच्या बोटांचे सांधे पाठीमागच्या बाजूने काळे पडले होते. हे चिन्ह आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत सहज नजरेतून सुटते, कारण कष्टाच्या हातांवर काळेपणा अपेक्षितच धरला जातो. पण घासून न जाणारा आणि सांध्यांपुरताच असलेला काळेपणा बी-१२ ची आठवण करून देतो. कंपनकाटा पायाच्या अंगठ्यावर आणि घोट्यावर ठेवला तर थरथर कळत नव्हती, गुडघ्यावर कळत होती. डोळे उघडे ठेवून त्या उभ्या राहू शकत होत्या, मिटताच डोलू लागल्या. पाय कुठे आहे ही बातमी मज्जारज्जूच्या मागच्या भागातून मेंदूपर्यंत पोहोचत नव्हती आणि डोळेच ते काम करत होते, असा त्याचा अर्थ.

आता नोव्हेंबरच्या कागदाकडे येऊ, कारण मूळ आजार त्यात सर्वांत स्वच्छ दिसतो. हिमोग्लोबिन ५.६ ग्रॅम, पेशींनी व्यापलेला रक्ताचा भाग १७ टक्के, तांबड्या पेशी प्रति घन मिलिमीटर १४ लाख. या तीन आकड्यांवरून पुढचे सगळे काढता येते. १७ टक्के जागा १४ लाख पेशींत वाटली तर एका पेशीच्या वाट्याला सुमारे १२१ फेम्टोलिटर आकारमान येते. निरोगी पेशीचे ते ८० ते १०० असते. हिमोग्लोबिन त्याच पेशींत वाटले तर एका पेशीत ४० पिकोग्रॅम येते, जेथे साधारणपणे २७ ते ३२ असते. आणि पेशीच्या आकाराच्या मानाने हिमोग्लोबिनची दाटी पाहिली, तर ती ३३ टक्के म्हणजे अगदी नेहमीसारखी भरते.

या हिशेबापाशी थोडे थांबावे असे मला वाटते. बाईंच्या अंगात हिमोग्लोबिन कमी होते, पण त्यांच्या एकेका पेशीत ते नेहमीपेक्षा जास्त होते. लोहाच्या कमतरतेत याच्या उलट घडते. पेशी लहान होते आणि आतून रिकामी, फिकट दिसते. येथे प्रत्येक पेशी मोठी आहे आणि काठोकाठ भरलेली आहे, फक्त पेशींची संख्या फार कमी आहे. म्हणजे अडचण हिमोग्लोबिन बनवण्यात नव्हती. अडचण होती पेशींची संख्या वाढण्यात, म्हणजेच विभाजनात.

अस्थिमज्जेत तांबड्या पेशीची पहिली ओळखण्याजोगी पूर्वज पेशी मोठी असते. ती साधारण चार ते पाच वेळा विभागते, प्रत्येक विभाजनानंतर पेशी आधीपेक्षा लहान होते, आणि त्याच वेळी तिच्या पेशीद्रव्यात हिमोग्लोबिन साठत जाते. शेवटी केंद्रक घट्ट आवळले जाते, पेशी ते बाहेर टाकते, आणि केंद्रक नसलेली लहान पेशी रक्तात उतरते. ही दोन कामे, केंद्रकाचे विभाजन आणि पेशीद्रव्याची वाढ, जोडीने चालतात. दोन्हींचा वेग जुळला तरच पेशी योग्य आकाराची निघते.

विभाजनासाठी आधी संपूर्ण डीएनएची दुसरी प्रत बनवावी लागते. डीएनए लिहिण्याची अक्षरे चार. त्यांपैकी थायमिन हे अक्षर फक्त डीएनएत असते. हिमोग्लोबिन बनवण्याचा निरोप ज्या आरएनएवर लिहिला जातो त्यात त्याच्या जागी युरासिल असते. एवढ्या एका फरकावर हा सारा आजार उभा आहे. थायमिनचा पुरवठा कमी पडला तर डीएनएची प्रत रखडते, पण आरएनए तयार होतच राहते, प्रथिने बनतच राहतात, हिमोग्लोबिन साठतच राहते. केंद्रक जागच्या जागी अडकते आणि पेशीद्रव्य पुढे निघून जाते. फोलेट, म्हणजे पिवळ्या गोळीतले फॉलिक ॲसिड ज्याचे कृत्रिम रूप आहे ते जीवनसत्त्व, डीएनए व आरएनए या दोन्हींना लागणाऱ्या इतर घटकांच्या निर्मितीतही भाग घेते हे खरे, पण कमतरतेत काम सर्वांत आधी थायमिनपाशी अडते आणि पेशीचे रूप त्यामुळेच ठरते.

अडते म्हणजे काय, हेही पाहावे. थायमिनचा घटक युरासिलच्या घटकाला एक कार्बन जोडून बनतो. तो कार्बन फोलेटचे एक रूप आणून देते. फोलेट नसले की युरासिलचा कच्चा माल साचतो आणि डीएनए लिहिणारे विकर थायमिनच्या जागी युरासिल बसवते. दुरुस्ती करणारे विकर ती चूक ओळखून ते अक्षर कापून काढते. पण त्या रिकाम्या जागी बसवायला थायमिन नसतेच, म्हणून पुन्हा युरासिल बसते आणि पुन्हा कापले जाते. असे वारंवार होत राहिले की धागा जागोजागी तुटतो, आणि समोरासमोरच्या दोन्ही धाग्यांवर जवळजवळ काप पडले तर डीएनएच तुटते. पेशी प्रत बनवण्याच्या टप्प्यात दीर्घकाळ अडकून राहते आणि शेवटी बऱ्याच पेशी स्वतःहून मरतात. ज्या तरतात, त्यांची एक-दोन विभाजने राहून गेलेली असतात. एकाच उंड्यातून सोळाऐवजी सहाच भाकरी थापल्या तर त्या जाड आणि मोठ्या होणारच. पेशींचेही जवळजवळ तसेच आहे, फक्त येथे उंडा थापता थापता फुगतही जातो.

बाईंच्या बोटाच्या रक्ताची काच आम्ही लीशमन रंगाने रंगवून स्वतः पाहिली. मशीनचा कागद आकारमानाची सरासरी देतो. पेशी दिसते ती काचेवर. तेलाखालच्या भिंगातून पाहताना तांबड्या पेशीची तुलना जवळच्या लहान लसिकापेशीच्या केंद्रकाशी करायची, कारण निरोगी तांबडी पेशी साधारण तेवढीच असते. येथे बऱ्याच पेशी त्या केंद्रकापेक्षा स्पष्टपणे मोठ्या, लंबगोल आणि एकसारख्या गडद होत्या. मधला फिकट ठिपका त्यांत नव्हता. या पेशी मोठ्या असल्या तरी अपरिपक्व म्हणता येणार नाहीत, कारण त्यांनी केंद्रक टाकलेले असते. अपरिपक्व आणि मोठी पेशी, जिला मेगालोब्लास्ट म्हणतात, तिचे घर अस्थिमज्जा. हा फरक विद्यार्थ्यांच्या लिहिण्यात नेहमी पुसला जातो, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

आम्हाला मात्र काचेवरच एक मेगालोब्लास्ट सापडली. आजार तीव्र असला की अशी एखादी पेशी रक्तात निसटते. तिचे पेशीद्रव्य गुलाबी-करडे झाले होते, म्हणजे हिमोग्लोबिन बरेच भरले होते. या वयाच्या पेशीचे केंद्रक एव्हाना लहान, गोल आणि शाईच्या ठिपक्यासारखे काळे व्हायला हवे होते. पण ते मोठे आणि मोकळे होते, आतले धागे चाळणीसारखे विरळ पसरलेले, जणू पेशी अजून पहिल्या टप्प्यातच आहे. एकाच पेशीत दोन वेगळी वये दिसत होती. शेजारीच न्यूट्रोफिल या प्रकारच्या एका पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाचे सहा भाग मोजता आले. साधारण न्यूट्रोफिलमध्ये ते तीन-चार असतात. शंभर न्यूट्रोफिलांत पाचांहून अधिक पेशींना पाच भाग असले किंवा एकीला सहा असले, तर मेगालोब्लास्टिक ॲनिमियाकडे बोट जाते. पांढऱ्या पेशींनाही डीएनए बनवावेच लागते, म्हणून आजार तांबड्या पेशींपुरता राहत नाही. बाईंच्या पांढऱ्या पेशी ३४०० आणि प्लेटलेट १ लाख १० हजार होत्या, दोन्ही कमी. काचेवर इतके सांगून झाल्यावर अस्थिमज्जेची तपासणी करण्याची गरज आम्हाला वाटली नाही.

डोळ्यांच्या पिवळेपणाचे उत्तरही अस्थिमज्जेतच आहे. या आजारात अस्थिमज्जा रिकामी नसते. ती पेशींनी गच्च भरलेली असते, पण त्यांतल्या बहुतेक पेशी रक्तात उतरण्याआधी तेथेच मरतात. त्यांच्यातले हिमोग्लोबिन तेथेच फुटते आणि बिलिरुबिन वाढते. बाईंचे बिलिरुबिन २.२ होते व त्यातला १.७ भाग यकृतात प्रक्रिया न झालेला होता. पेशी फुटल्या की बाहेर पडणारे एलडीएच १८६० होते, म्हणजे वरच्या मर्यादेच्या सात पटींहून अधिक. तरीही नव्या, नुकत्या रक्तात उतरलेल्या पेशींचे प्रमाण फक्त १.२ टक्के होते. पेशी रक्तात फुटत असत्या तर अस्थिमज्जेने भराभर नव्या पेशी पाठवल्या असत्या आणि हा आकडा चढला असता. आमच्या भागात फिकट रुग्णाचे डोळे पिवळे दिसले की सिकलसेलचा विचार आधी येतो आणि तो यायलाच हवा; बाईंची सोल्युबिलिटी चाचणी केली, ती नकारात्मक आली. या निमित्ताने एक गोष्ट सांगावीशी वाटते. सिकलसेलच्या रुग्णांना आपण वर्षानुवर्षे फॉलिक ॲसिडची हीच पिवळी गोळी देतो आणि काहींना हायड्रॉक्सियुरियाही देतो, ज्याने पेशींचे आकारमान एरवीही वाढते. अशा रुग्णात बी-१२ ची कमतरता आली तर मोठ्या पेशींचा इशारा औषधाच्या खाती जमा होतो आणि रक्ताचा इशारा गोळी दाबून टाकते. त्यांच्या पायांची विचारपूस दर भेटीत करावी.

आता त्या पिवळ्या गोळीकडे. कमतरता बी-१२ ची होती. रक्तातली पातळी ८४ पिकोग्रॅम निघाली, जी २०० च्या वर असायला हवी. मग फॉलिक ॲसिडने हिमोग्लोबिन ५.६ वरून ८.९ पर्यंत कसे चढले?

रक्तातून पेशीत जे फोलेट येते, ते बहुतांशी मिथाइल गट लावलेल्या रूपात असते. त्या रूपात ते थायमिन बनवण्याच्या कामी येत नाही. आधी तो मिथाइल गट काढावा लागतो, आणि तो काढण्याची जागा पेशीत एकच आहे: मेथिओनिन सिंथेज नावाचे विकर. हे विकर फोलेटवरचा मिथाइल गट उचलून होमोसिस्टीनला देते, त्याचे मेथिओनिन होते, आणि मोकळे झालेले फोलेट थायमिनसाठी कार्बन वाहून नेण्यास तयार होते. मधल्या मधे मिथाइल गट हातात धरण्याचे काम बी-१२ करते. बी-१२ नसेल तर हा हातच नसतो. फोलेट मिथाइल गटासह अडकून पडते. शिवाय मोकळ्या फोलेटचा काही भाग दुसऱ्या एका विकरामुळे सतत मिथाइल रूपात जात असतो आणि तो रस्ता एकेरी आहे, मागे फिरता येत नाही. त्यामुळे हळूहळू पेशीतले सगळे फोलेट त्या एका रूपात जमा होते. याला मिथाइल सापळा म्हणतात. मिथाइल रूपातले फोलेट पेशीत नीट टिकतही नाही, ते बाहेर झिरपते; म्हणून रक्तातले फोलेट मोजले तर ते भरपूर दिसते आणि पेशी मात्र उपाशी असते. बाईंचे फोलेट चांगले होते. गोळी चालू असताना ते तसे असणारच, पण गोळी नसती तरी या आकड्यावर मी फार विसंबलो नसतो.

दोन वेगळ्या जीवनसत्त्वांच्या कमतरतेत पेशी अगदी एकसारखी का दिसते, याचे उत्तर या एका जागेत आहे. बी-१२ कमी पडले तरी शेवटी अडते ते फोलेटच, आणि फोलेट अडले की थायमिन अडते. भिंगाखाली काचेकडे पाहून कोणते जीवनसत्त्व कमी आहे हे कोणालाही सांगता येणार नाही.

गोळीतले फॉलिक ॲसिड हे मिथाइल गट नसलेले, कृत्रिम रूप आहे. ते वेगळ्या विकराच्या मार्फत थेट कामाच्या रूपात येते; मेथिओनिन सिंथेजच्या दारातून त्याला जावे लागत नाही. ५ मिलिग्रॅम म्हणजे रोजच्या गरजेच्या कित्येक पट. एवढा पुरवठा आल्यावर सापळा बाजूला राहतो, थायमिन तयार होते, पेशी विभागतात, हिमोग्लोबिन चढते. जानेवारीचा कागद हेच सांगतो: हिमोग्लोबिन ८.९, पेशी २६ लाख, आकारमान १२१ वरून १०४. मात्र आकारमान १०० च्या खाली आलेच नव्हते, आणि खरा इशारा त्यातच होता. केवळ फोलेटची कमतरता असती तर दोन महिन्यांच्या नियमित गोळीने पेशी पूर्ववत व्हायला हव्या होत्या. अर्धवट सुधारणा ही सुधारणा समजली गेली. एप्रिलमध्ये गोळी चालू असूनही हिमोग्लोबिन ७.८ वर उतरले आणि आकारमान पुन्हा १११ झाले.

या सगळ्या काळात बी-१२ ची स्वतःची कामे बंदच होती. मिथाइल गट मेथिओनिनपर्यंत पोहोचत नव्हता, आणि पेशीतल्या मिथाइल गटाच्या देवाणघेवाणीला, ज्यात मज्जातंतूंवरील वेष्टणाची देखभालही येते, तो लागतोच. बी-१२ वर चालणारे दुसरे एक विकर आहे, जे मिथाइलमॅलोनिल नावाच्या आम्लाचा निपटारा करते. त्याच्याशी फोलेटचा काहीही संबंध नाही. गोळीने रक्ताचे काम चालवले, मज्जारज्जूचे कोणी चालवले नाही. १९४० च्या दशकात कृत्रिम फॉलिक ॲसिड मिळू लागले तेव्हा पर्निशियस ॲनिमियाच्या, म्हणजे बी-१२ नीट शोषले न जाणाऱ्या आजाराच्या, रुग्णांत नेमके हेच पाहण्यात आले होते: रक्त सुधारत गेले आणि पाय बिघडत गेले. बी-१२ वेगळे काढले गेले ते १९४८ मध्ये.

यापूर्वीचा एक धागा आपल्या मुंबईतला आहे. लुसी विल्स या इंग्लिश डॉक्टर १९२८ च्या सुमारास मुंबईत आल्या आणि गिरणीत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांतील मोठ्या पेशींचा ॲनिमिया त्यांनी अभ्यासला. यीस्टच्या अर्काने त्या स्त्रिया बऱ्या होतात हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले; त्या अर्कातला गुणकारी पदार्थ पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. त्या स्त्रियांना कमी पडत होते ते फोलेट, आणि तेथे फॉलिक ॲसिड हेच योग्य औषध ठरले असते. आमच्या बाईंच्या बाबतीत तसे नव्हते. ते का नव्हते, हे त्यांच्या ताटावरून कळते.

त्यांचे घर माळकरी. लग्नाला बावीस वर्षे झाली आणि तेव्हापासून अंडे, मासळी, मटण यांपैकी काही नाही. रोजच्या जेवणात ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, हरभऱ्याच्या पिठाचे झुणका-पिठले, हंगामात अंबाडी, चवळी किंवा हरभऱ्याची भाजी. डाळी आणि पालेभाज्या यांत फोलेट बऱ्यापैकी असते. फार वेळ शिजवल्याने आणि पाणी ओतून दिल्याने काही जाते, तरी वरणासारख्या पदार्थांत पाणी पोटातच जाते. या जेवणात फोलेटची तीव्र उणीव होण्याचे कारण नव्हते. बी-१२ मात्र कोणत्याही धान्यात, डाळीत किंवा भाजीत नसते. ते फक्त सूक्ष्मजीव बनवतात, आणि जनावरांच्या मार्फत दूध, अंडी, मांस यांतून ते आपल्याला मिळते. घरी एक म्हैस होती, पण दूध सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर जात असे आणि घरात कोरा चहा होत असे. ताक सणावाराला.

यकृतात बी-१२ चा साठा २ ते ५ मिलिग्रॅम असतो आणि रोजची गरज २ मायक्रोग्रॅमच्या आसपास; पित्तातून बाहेर पडलेले बी-१२ आतड्यात पुन्हा शोषलेही जाते. त्यामुळे बाहेरून जवळजवळ काही मिळाले नाही तरी साठा कित्येक वर्षे पुरतो. फोलेटचा साठा चार-पाच महिन्यांत संपतो. म्हणून गरोदरपणात किंवा दारूच्या व्यसनात काही महिन्यांत उद्भवणारा ॲनिमिया बहुधा फोलेटचा असतो, आणि वर्षानुवर्षांच्या शाकाहारात, दूध नसताना, हळूहळू उतरत जाणारा बी-१२ चा. बाईंना दोन बाळंतपणे झाली होती आणि प्रत्येक बाळाने आपला वाटा साठ्यातून नेला होता. नोव्हेंबरनंतर आलेल्या ॲसिडिटीच्या गोळीने अन्नातले बी-१२ सुटे होण्यास लागणारे जठराम्लही कमी केले. मुळात अन्नात थोडेच असल्याने तिचा वाटा लहान असावा, पण ती बंद केली. अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून मिळणारी लाल गोळी, जिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते, तिच्यातही बी-१२ नाही.

उपचारात क्रम महत्त्वाचा होता. बी-१२ च्या पातळीसाठी रक्त आधी काढून ठेवले, कारण इंजेक्शननंतर काढलेला आकडा निरुपयोगी ठरतो. निकाल जिल्ह्याच्या ठिकाणाहून चार दिवसांनी येणार होता; पायांची अवस्था पाहता त्याची वाट पाहिली नाही. बी-१२ चे १००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन स्नायूत रोज एक असे सात दिवस, नंतर महिनाभर आठवड्याला एक, पुढे महिन्याला एक. फॉलिक ॲसिड बंद केले नाही, पण आता ते बी-१२ च्या सोबतीने जात होते. रक्त चढवले नाही. ७.८ हिमोग्लोबिन हळूहळू घसरून आले होते, शरीर त्याला सरावले होते, आणि अशा रुग्णात घाईने भरलेली पिशवी हृदयावर ताण आणते.

पहिल्या आठवड्यात अस्थिमज्जा जागी होते ती फार वेगाने. एक-दोन दिवसांतच तेथील पेशींचे रूप सुधारू लागते. नव्या पेशी भराभर बनताना रक्तातले पोटॅशियम आत ओढून घेतात. बाईंचे पोटॅशियम चौथ्या दिवशी ३.९ वरून ३.२ झाले, तेव्हा सिरप देऊन ते सावरले. तिसऱ्या दिवशी नव्या पेशींचे प्रमाण ३ टक्के होते, सातव्या दिवशी १४ टक्के. बी-१२ चा निकाल हाती आला तोपर्यंत हा चढ सुरू झालेला होता, आणि खरे तर तोच सर्वांत भरवशाचा पुरावा आहे. आठवडाभरात हा आकडा हलला नसता तर निदान पुन्हा पहिल्यापासून तपासावे लागले असते. जीभ दहा दिवसांत बरी झाली. ठेचा पुन्हा खाता येतो, हे त्यांनी आपण होऊन सांगितले. डोळ्यांचा पिवळेपणा दोन आठवड्यांत गेला. सहा भागांचे न्यूट्रोफिल मात्र दहाव्या दिवशीच्या काचेवरही दिसत होते, आणि ते तसे दिसतातच.

सहाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन १०.४ वर येऊन थबकले. पेशींचे आकारमान ७९ झाले होते आणि लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन, जे सुरुवातीला ४४ होते, ते ९ वर आले होते. अस्थिमज्जेत पेशी मरत होत्या तोवर त्यांचे लोह तेथेच फिरत राहिले आणि साठा पुरेसा वाटला. पेशी जगू लागल्या, लोह त्यांच्यात गेले, आणि आधीपासून असलेली लोहाची उणीव उघडी पडली. नोव्हेंबरात लोहाची गोळी देणाऱ्यांची शंका अगदी चुकीची नव्हती. त्यांनी पाहिला तो आजार खालच्या थरातला होता. जेवणानंतर एक दिवसाआड लोहाची गोळी दिली, ती यावेळी सोसली. बाराव्या आठवड्यात हिमोग्लोबिन १२.१ आणि आकारमान ८६ झाले.

बाई शोषणाच्या दोषाने आजारी होत्या की केवळ आहाराने, हे ठरवणाऱ्या चाचण्या आम्हाला उपलब्ध नव्हत्या. म्हणून इंजेक्शन महिन्याला चालू ठेवले. कधी ते मिळाले नाही तर १००० मायक्रोग्रॅमची गोळी रोज घ्यावी असे सांगून ठेवले आहे. एवढ्या मोठ्या मात्रेतला सुमारे एक टक्का, म्हणजे १० मायक्रोग्रॅम, शोषणाची नेहमीची वाट बंद असली तरी आतड्यातून आपोआप झिरपतो आणि गरज भागवतो. घरी रोज एक वाटी दूध किंवा दही बाईंसाठी ठेवावे हे मुलाने कबूल केले.

ऑक्टोबरमध्ये, पहिल्या इंजेक्शननंतर सहा महिन्यांनी, त्या एकट्या बसने आल्या. कंपनकाट्याची थरथर घोट्यावर कळत होती, अंगठ्यावर अजूनही नाही. डोळे मिटून त्या उभ्या राहिल्या, थोड्या डोलल्या, पण पडल्या नाहीत. पायात मागून पट्टा असलेली चप्पल होती. साधी चप्पल शेतातल्या ढेकळांत अजून निसटते, असे त्या म्हणाल्या, पण आता निसटली की लगेच कळते.